शिक्क्यात टाकलेल्या सहाशे बारा नोंदी

ऑफिसात त्यांना काका म्हणत. या ऑफिसात चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही पुरुषाला काकाच म्हटलं जाई, आणि तसा पुरुष एकच होता, त्यामुळे गोंधळ होत नसे.

काकांचं काम समजायला अवघड नव्हतं, पण आजवर कुणी ते विचारलं नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलचे तीस वर्षांचे केसपेपर खोक्यांत भरून येत. तळमजल्यावर त्यांचे पानापानाने फोटो काढले जात. मग मशीन ते फोटो वाचे आणि रक्तगट, वजन, औषधाची ॲलर्जी अशी एकेक माहिती उचलून रकान्यात टाकी. छापलेलं मशीनला बरं वाचता येई. डॉक्टरांनी लिहिलेलं मशीनलाही वाचता येत नसे, आणि या एका बाबतीत ते माणसाच्या बरोबरीला आलं होतं. जिथे मशीन अडे, तो तुकडा तिसऱ्या मजल्यावर येई. तिसऱ्या मजल्यावर आठजण ओळीने बसत. काका खिडकीच्या विरुद्ध बाजूला, सातव्या खुर्चीवर. कॉम्प्युटरच्या लेखी ते 'पडताळणी क्रमांक सात' होते.

या कामाचा एक नियम होता आणि तो काकांना मनापासून पटला होता. नोंद नुसती लिहायची नाही, ती फोटोवर कुठे आहे तेही सांगायचं. मशीनने स्वतः वाचलेल्या नोंदीला चौकट मशीनच घाली. माणसाने हाताने टाइप केली, तर माणसाने माऊसने त्या शब्दाभोवती चौकट आखायची. मग नोंदीच्या मागे पान क्रमांक आणि चार आकडे बसत: डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. उद्या हॉस्पिटलात कुणी त्या नोंदीवर बोट ठेवलं, की मूळ पान उघडायचं आणि बरोब्बर त्या शब्दावर पिवळी चौकट पेटायची. 'हे कशावरून?' या प्रश्नाला तिसऱ्या मजल्याने दिलेलं ते उत्तर होतं.

काका चौकट आखताना श्वास धरत. शब्दाची वेलांटी बाहेर राहता कामा नये, शेजारची रेघ आत येता कामा नये. यामुळे भिंतीवरच्या 'आजचा वेग' नावाच्या फळ्यावर ते कायम आठवे असत. पहिला नंबर कायम तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईचा. तिला बुलेट म्हणत. वय तिशीचं, दोन मुलं, आणि एका नोंदीला सरासरी चार सेकंद.

"काका," ती म्हणायची, "चौकट आखताय की भरतकाम करताय?"

"वेलांटी सुटत होती."

"सुटू दे की. वेलांटी काय कुठे पळून जाणार आहे?"

बुलेटकडे घाईच्या वेळचा एक उपाय होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. चौकट न आखता नुसतं एन्टर दाबलं, तर प्रोग्राम रागवायच्या ऐवजी स्वतःच एक ठरावीक चौकट टाकून देई: पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, एक छोटासा चौरस. त्या कोपऱ्यात हॉस्पिटलचा छापील शिक्का होता, दोन हात आणि मध्ये दिवा. नियम पाळला गेल्याचं कॉम्प्युटरला समाधान, आणि चार सेकंदांचे दोन सेकंद. याला ऑफिसात 'शिक्क्यात टाकणे' म्हणत. पान कळकट असलं, जेवणाची सुट्टी जवळ आली, की कुणीतरी पुटपुटे, "टाक शिक्क्यात." काकांनी कधी टाकलं नव्हतं. निदान सगळे तसंच धरून चालले होते.

चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी काकांची बायको चहाचं पाणी ठेवून खुर्चीत बसली, आणि पाणी उकळून आटलं तरी उठली नाही. हे ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं. काकांनी दोन दिवसांची रजा टाकली. रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो. तिथे त्यांनी 'घरगुती काम' लिहिलं. ते खोटं नव्हतं. नंतर सांगायचं राहिलं, आणि मग सांगायची वेळ निघून गेली. महिन्याभराने जाऊन 'बाय द वे' म्हणून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते कामावर आले, कारण घरात फ्रिजचा आवाज येत होता. फ्रिज सव्वीस वर्षं तिथेच होता, पण ती सतत बोलत असल्यामुळे त्याला आवाज आहे हे काकांना कधी कळलंच नव्हतं. ती बोलायची ते बहुतेक वेळा काकांना वस्तू कुठे आहेत हे सांगण्यासाठीच. "कात्री? दुसऱ्या फळीवर, डावीकडे, निळ्या झाकणाच्या मागे." दुसऱ्या खोलीतून, मान वर न करता. आणि कात्री तिथेच असे. आता कात्री होती, पण कुठे होती ते सांगता येत नव्हतं. चार महिने काका दुधाची पिशवी दाताने फाडत होते.

ताईचा, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीचा, रोज संध्याकाळी फोन येई.

"जेवलास?"

"हो."

"काय जेवलास?"

"पाव. अंडं."

"अंडं घरात होतं की आणलंस?"

"ताई, तू चौकशी समिती आहेस का?"

"नुसतं हो म्हणतोस ना, म्हणून विचारते. तुझ्या हो ला काही आधार नसतो."

तर चार महिन्यांनी, एका सोमवारी, तपासनीस बाई आल्या.

त्यांना हॉस्पिटलने पाठवलं होतं. झालं होतं असं, की वॉर्डातल्या एका नर्सने इंजेक्शन देण्याआधी पेशंटची जुनी नोंद उघडली. 'औषधाची ॲलर्जी: नाही.' नर्स जुन्या वळणाची होती. तिने 'नाही' वर बोट ठेवलं. पान उघडलं आणि पिवळी चौकट पेटली, ती शिक्क्यावर. नर्सने दोन हात पाहिले, दिवा पाहिला, इंजेक्शन परत ट्रेमध्ये ठेवलं आणि वरती तक्रार केली. पेशंटला काही झालं नाही. पण 'काही झालं नाही' यावर समाधान मानणारं हॉस्पिटल ते नव्हतं.

बाई पन्नाशीच्या, बारीक, स्वतःच्या पाण्याची बाटली घेऊन आलेल्या. साहेबांनी त्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, बिस्किटं ठेवली आणि चांगल्या चांगल्या नोंदींची एक यादी पुढे केली. साहेब म्हणजे शाखेचे मॅनेजर. कुठल्याही संकटावर त्यांचं एकच वाक्य असे, 'करून टाकू.' बाईंनी यादी बिस्किटांखाली सरकवली.

"मला सगळ्या नोंदींचे आकडे दाखवा. चार आकड्यांचे रकाने."

"नोंदी नकोत?"

"नोंदी नंतर. आधी आकडे."

त्यांनी ते आकडे लहानापासून मोठ्याकडे लावले आणि खाली सरकवत गेल्या. माणूस एकच शब्द दहा वेळा चौकटीत पकडायला गेला, तरी दहाही चौकटी केसभर वेगळ्या येतात. हात आहे तो, रूळ नाही. पण इथे एका जागी आकडे थांबले होते. चाळीस, चाळीस, एकशेवीस, एकशेवीस. चाळीस, चाळीस, एकशेवीस, एकशेवीस. पडदा संपला, दुसरा लागला, तरी तेच. मोजून सहाशे पंचावन्न. सहाशे पंचावन्न नोंदी एकाच दिव्यातून आणि दोन हातांतून निघाल्या होत्या.

मग त्यांनी पुढचा रकाना पाहिला: कुणी, आणि कधी.

"क्रमांक तीनच्या चौदा," बाई म्हणाल्या. क्रमांक तीन म्हणजे बुलेट. "बाकीच्यांच्या मिळून एकोणतीस. आणि क्रमांक सातच्या सहाशे बारा. सगळ्या चार महिन्यांपूर्वीच्या, सलग नऊ दिवसांतल्या. त्याआधी एक नाही, नंतर एक नाही. क्रमांक सात कोण?"

काचेच्या दारातून साहेबांनी बाहेर पाहिलं. बाहेर काका एका रक्तगटाभोवती श्वास धरून चौकट आखत होते.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"काका, तुम्ही? अहो, बुलेट असती तर मी समजू शकलो असतो."

"चौकटी माझ्याच आहेत," काका म्हणाले. त्यांना त्या नऊ दिवसांतली एकही नोंद आठवत नव्हती. एन्टरचा आवाज तेवढा आठवत होता.

"झालं काय होतं पण?"

"बरं नव्हतं."

"बरं नव्हतं तर रजा टाकायची! असो. टेन्शन घेऊ नका. बाई गुरुवारी परत येतायत. तोवर आपण करून टाकू. वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रामवाल्यांशी मी बोललोय. प्रोग्राम लिहिताहेत. तुमच्या त्या सहाशे बारा नोंदी घ्यायच्या, प्रत्येकीचा शब्द त्या पानावर मशीनने शोधायचा, आणि जिथे सापडेल तिथे चौकट बसवायची. अर्ध्या तासाचं काम. शिक्क्यात कुणी राहत नाही, तुम्ही सुटलात, मी सुटलो."

साहेबांचं म्हणणं गोड होतं. सहाशे बारा चौकटी अर्ध्या तासात जागेवर जातील, गुरुवारी बाई आकडे लावतील, सगळे केसभर वेगळे असतील, आणि सातवी खुर्ची काकांकडे राहील. घर सोडून दिवसभर जाऊन बसायला जगात त्यांच्याकडे हीच एक खुर्ची होती. ही गेली तर फ्रिज होताच.

"साहेब," ते म्हणाले, "एका पानावर 'नाही' किती वेळा असतं?"

"किती?"

"मधुमेह नाही. दमा नाही. आधी ऑपरेशन नाही. ताप नाही. चार-पाच तर असतंच. त्यातलं पहिलं सापडेल तिथे चौकट बसेल. म्हणजे ॲलर्जीची नोंद दम्याच्या 'नाही' वर."

"शब्द तर तोच ना!"

"शब्द तोच. जागा नाही. आणि समजा मी त्या नऊ दिवसांत चूकच लिहिलं असेल. समजा कागदावर 'आहे' असं असेल आणि मी 'नाही' लिहिलं. आज चौकट शिक्क्यावर आहे, म्हणून त्या नर्सला शंका तरी आली. प्रोग्रामने तिला एक छानसा 'नाही' दाखवला असता, तर तिने इंजेक्शन देऊन टाकलं असतं."

साहेबांनी कपाळ चोळलं. "काका, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

काका उठले, बैठकीच्या खोलीत गेले आणि तपासनीस बाईंसमोर उभे राहिले. "क्रमांक सात मी. त्या चौकटी खोट्या आहेत. नोंदीही तपासल्याशिवाय खऱ्या धरू नका. सहाशे बाराही मला परत द्या, मी एकेक पान उघडून बघतो."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही, वाचता न येणाऱ्या अक्षराकडे पाहतात तसं.

"गुरुवारी दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या. "तोवर त्या सहाशे बारावर हॉस्पिटलात 'तपासणी बाकी' अशी लाल पट्टी दिसेल, कुणी भरवसा ठेवणार नाही. जुन्या नोंदी पुसायच्या नाहीत. जुनी तशीच राहील, नवी तिच्यावर चढेल, कुणी कधी बदलली ते दिसलं पाहिजे. प्रत्येक नवी नोंद दुसऱ्याने पाहिल्याशिवाय पक्की नाही. आणि शेवटी या सगळ्याचं कारण."

"कारण?"

"नऊ दिवस असं का झालं याचं. नोंदीला जसा फोटो लागतो, तसा कारणालाही कागद लागतो. 'बरं नव्हतं' असं नुसतं चालणार नाही. कारण पटलं तर मी ही सहाशे बाराची बॅच मान्य करेन आणि तुम्ही राहाल. नाहीतर क्रमांक सात बंद करावा लागेल." त्यांनी वही मिटली. "बिस्किट घ्या."

काकांनी बिस्किट घेतलं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

मंगळवारी त्यांनी पहिलं पान उघडलं. दुसऱ्याने पाहायचं काम साहेबांनी बुलेटला दिलं होतं. सगळ्यात वेगवान माणूस म्हणून, आणि थोडं तिच्या चौदांची शिक्षा म्हणूनही.

"काका, माझ्या चौदा मी सकाळीच निस्तरल्या," ती आपली खुर्ची काकांजवळ सरकवत म्हणाली. "तुमच्या सहाशे बारा! आणि मला वाटायचं तुम्ही साधू आहात. नऊ दिवस झालं काय होतं?"

"बरं नव्हतं."

"ताप?"

"तसंच काहीतरी."

"मला बोलायचंत ना. अर्ध्या मी ओढल्या असत्या."

हे ती सहज म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

एरवी त्यांना पानाचा फक्त एक तुकडा दिसत असे, शब्दापुरता, पेशंटची खाजगी माहिती चार लोकांत पसरू नये म्हणून. आता पूर्ण पानं उघडत होती, आणि पूर्ण पानावर माणसं होती. कुणाचं वजन महिन्यागणिक दोन किलो उतरत गेलेलं. 'सोबत कोण' या रकान्यात कुणी 'मुलगा', कुणी 'शेजारी', कुणी आडवी रेघ. काका रेघेपाशी थांबत नसत. रेघ वाचायची नव्हती, ॲलर्जी वाचायची होती. तरी दर वेळी डोळा आधी तिकडेच जाई.

बहुतेक नोंदी बरोबर निघत होत्या. बोटांना सवय होती. डोकं नसलं तरी बोटं वाचत होती म्हणायचं. काका योग्य शब्द शोधत, चौकट आखत, पुढे जात. बुधवारी दुपारपर्यंत चारशे झाल्या, त्यात अकरा चुका. एका रक्तगटाचं चिन्ह उलटं. दोन वजनं शेजारच्या ओळीतली. चूक सापडली की ते टाइप करत, चौकट आखत, आणि काही न बोलता बुलेटकडे सरकवत. तीही काही बोलत नव्हती. बुलेट न बोलता बसली की तिसऱ्या मजल्यावर बाकीचे कान टवकारत.

चारशे एकविसावं पान एका बाईचं होतं. जुनं. छापील रकान्यात, 'औषधाची ॲलर्जी' पुढे, निळ्या शाईत काहीच नव्हतं. काकांची जुनी नोंद म्हणत होती: नाही. चौकट शिक्क्यावर. रकाना रिकामा, म्हणजे नाही, असं त्या दिवशीच्या त्या बोटांनी धरलं असावं. काका पुढे जाणार होते, पण रिकाम्या रकान्याला चौकट आखायची कशाभोवती? रिकाम्या जागेतून 'नाही' निघत नाही. फार तर 'लिहिलेलं नाही' एवढं निघतं. म्हणून ते पान खाली खाली सरकवत गेले, आणि अगदी तळाशी, समासात, आडवं करून, वेगळ्या हाताने, पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. पान फिरवून वाचावं लागलं. 'सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ, श्वासाला त्रास. परत देऊ नये.' आणि खाली नर्सची सही.

काकांनी माऊसवरचा हात काढला. कुणा एका नर्सने ड्यूटीच्या गडबडीत, रकाना भरायचा राहिलेला पाहून, जागा मिळेल तिथे हे लिहून ठेवलं होतं. तिचं काम तिने केलं होतं. पंचवीस वर्षं ते पेन्सिलीत टिकून राहिलं, आणि मग काकांपर्यंत आलं, आणि काकांनी एन्टर दाबलं.

साहेबांच्या प्रोग्रामने याच बाईच्या पानावर 'दमा: नाही' पकडला असता. छान, स्वच्छ अक्षरातला 'नाही' होता तो.

त्यांनी लिहिलं: 'आहे. सल्फा.' मग चौकट. वाक्य आडवं होतं, म्हणून चौकट उभी आली. पहिल्यांदा सही बाहेर राहिली, म्हणून पुसून पुन्हा आखली.

बुलेटने ती नोंद उघडली. "बापरे," ती हळूच म्हणाली. मग काकांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. तिने 'मान्य' दाबलं.

गुरुवारी सकाळी अकराला सहाशे बारा संपल्या. बरोबर पाचशे त्र्याण्णव. चूक एकोणीस. शिक्क्यात कुणी राहिलं नाही.

राहिलं कारण, आणि त्याचा कागद.

कागद बुधवारी संध्याकाळी सापडला होता. तो सापडायला दोन तास लागले, कारण सव्वीस वर्षांत काकांनी स्वतःच्या हाताने नीट ठेवलेला तो घरातला पहिला कागद होता. बाकी सगळे कागद तिने ठेवलेले, आणि ते सगळे मिळत होते: लाइटची बिलं, काकांच्या दाताचे एक्स-रे, मिक्सरची गॅरंटी. हवा तोच नव्हता. शोधता शोधता कात्री सापडली. दुसऱ्या फळीवर, डावीकडे, निळ्या झाकणाच्या मागे. चार महिने ते उजवीकडे शोधत होते.

तेवढ्यात ताईचा फोन.

"जेवलास?"

"नाही," काका म्हणाले.

चार महिन्यांत पहिल्यांदा नाही आलं होतं. "का रे?"

"तिचा दाखला शोधतोय. मृत्यूचा. ऑफिसात लागतोय."

"ऑफिसात? म्हणजे तू अजून सांगितलं नव्हतंस?"

"राहून गेलं."

ताईने सुस्कारा टाकला. "फ्रिजच्या कागदांत बघ. त्या दिवशी तू तो हातात घेऊन फ्रिजसमोर उभा होतास. मी पाहिलंय."

फ्रिजच्या गॅरंटीच्या पाकिटात, घडी घालून, होता.

आता गुरुवारी तो कागद तळमजल्यावरून फोटो होऊन वर आला. काकांनी 'कारण' च्या रकान्यात आधी 'घरगुती' एवढं लिहिलं. मग ते खोडून 'पत्नीचं निधन' असं लिहिलं. खाली 'तारीख' होती. दाखला छापील होता, त्यामुळे तारीख मशीनने स्वतःच वाचली. अडखळलं नाही. 'खात्री: अठ्ठ्याण्णव टक्के' असं दाखवून त्याने विचारलं: बरोबर की चूक?

काकांनी पाहिलं. मशीनची चौकट जरा सैल होती, तारखेच्या शेवटच्या आकड्यापुढे शेजारची रेघ आत आली होती. त्यांनी ती पुसली. श्वास धरला. स्वतःची आखली, वर्षाच्या शेवटच्या आकड्याला अगदी चिकटून. हा कागद त्यांनी आजवर वाचला नव्हता. घेतला होता आणि ठेवला होता. बराच वेळ दोन बटणं पडद्यावर उभी होती. मग त्यांनी 'बरोबर' दाबलं. नोंद दुसऱ्याकडे, म्हणजे क्रमांक तीनकडे, गेली.

ते उठून पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा बुलेट पडद्याकडे पाहत बसली होती. त्यांनी आपली खुर्ची ओढून घेतली आणि नवीन खोक्यातला पहिला रक्तगट उघडला.

दुपारी तपासनीस बाईंनी बॅच मान्य केली. एकोणीस चुकांची यादी त्यांनी स्वतः हॉस्पिटलला कळवली, चारशे एकविसावी सगळ्यात वर घालून. निघताना त्या सातव्या खुर्चीपाशी थांबल्या, "चौकट चांगली आखता," म्हणाल्या आणि बाटली घेऊन गेल्या. साहेबांनी प्रोग्राममधलं ते एन्टर बंद करून टाकलं. आता चौकट आखल्याशिवाय नोंद पुढे जात नाही, आणि बुलेटचा वेग पाच सेकंदांवर आला आहे.

ऑफिस सुटताना काकांनी सवयीने दिवसाच्या नोंदींचा इतिहास उघडून पाहिला. मधे कुठेतरी एक ओळ कारणाची होती. क्रमांक तीनने उघडली, अकरा वाजून वीस मिनिटं. क्रमांक तीनने मान्य केली, अकरा वाजून एकतीस मिनिटं. चार सेकंदांच्या बाईने एका छापील तारखेवर अकरा मिनिटं काढली होती. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवशी ती दुसरी आली.

बुलेट पर्स खांद्याला लावून उभी होती. जायचं की थांबायचं, तिचं ठरत नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "काकूंचं नाव किती छान होतं हो."

काकांनी मान हलवली. त्यांची चौकट फक्त तारखेवर होती. नाव तिच्या बाहेर होतं, दोन ओळी वर.